सौर कंदील दर हिवाळ्यात लवकर विझतो: बॅटरी बदलण्याआधी घड्याळ लावून बघा

तक्रार अशी असते. कंदील मे महिन्यात सगळी जेवणं, भांडी, अभ्यास उरकेपर्यंत आरामात चालतो. दिवाळीनंतर त्याची वेळ हळूहळू कमी होते आणि डिसेंबरात भाकरी थापून व्हायच्या आत तो मान टाकतो. बॅटरी बदलली की एक-दोन रात्री झकास, मग पुन्हा तेच रडगाणं. होळीच्या सुमाराला कंदील आपोआप सुधारतो, म्हणून कुणी त्याच्या मागे लागत नाही. पुढच्या थंडीत तो पुन्हा दुकानात हजर.

पाटणच्या बाजारात माझं दुरुस्तीचं टेबल आहे. असा कंदील घेऊन आलेल्या माणसाला बॅटरीच हवी असते, कारण बिघाड बॅटरीचाच असणार हे त्याने वाटेतच ठरवलेलं असतं. खरं तर कंदिलात तपासायच्या जागा तीनच. पॅनल वीज भरतं, बॅटरी ती साठवते आणि दिवा ती खर्च करतो. यातली कुठली जागा कमी पडते, हे मीटर नसतानाही कळतं. साधं घड्याळ आणि दोन-तीन ऊन्हाचे दिवस लागतात. कोयनेच्या वरच्या अंगाला राहणाऱ्या एका आजोबांनी आणि त्यांच्या सातवीतल्या नातवाने हे घरी करून पाहिलं. त्यांची वही मी पाहिली आहे, म्हणून तीच इथे मांडतो.

त्यांचं घर गावठाणापासून लांब, रानात आहे. विजेचे खांब ओढ्याच्या अलीकडेच थांबलेत. घर कौलारू, दोन पाख्यांचं. एक पाखं उत्तरेला, एक दक्षिणेला. पुढचा सोपा उत्तरेकडे, मागे परडं आणि गोठा. कंदील सोप्यातल्या खुंटीला टांगायचा आणि पॅनल त्याच्याच वरच्या, म्हणजे उत्तरेच्या पाख्यावर, कौलांना तारेनं बांधलेलं. कंदील घेतला तो मे महिन्यात. पॅनलची वायर जेमतेम दोन मीटर, तेव्हा तिथे बांधणं सोयीचंच होतं.

कंदिलाच्या पाठीवरच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं: पॅनल ६ व्होल्ट, ३ वॉट; लिथियम फॉस्फेट बॅटरी ३.२ व्होल्ट, ३००० एमएएच. मोठ्या उजेडावर दिवा २ वॉट. कंदील घेताना ही चिठ्ठी कुणी वाचत नाही, पण किती वेळ उजेड मिळायला हवा हे तिच्यावरूनच निघतं. ३००० एमएएच म्हणजे ३ अँपिअर-तास. त्याला ३.२ ने गुणलं की ९.६ वॉट-तास. दिवा २ वॉटचा, म्हणजे कागदावर ४.८ तास. आतल्या सर्किटमध्ये थोडी वीज वाया जाते, म्हणून प्रत्यक्षात चार तास आणि वर काही मिनिटं. चांगल्या बॅटरीने मोठ्या उजेडावर एवढं दिलंच पाहिजे.

आबा मात्र म्हणत होते, दोन तासांतच विझतो.

"आबा, तुम्ही कशावरनं म्हणता दोन तास?"

"मुक्कामाची एसटी पल्याडच्या वळणावर दिसली की इझतुया बघ. रोजचं हाय."

"आणि एसटी किती वाजता येते?"

"तिचं काय, येईल तवा येती!"

नातवाने हातातलं डिजिटल घड्याळ काढून खुंटीला अडकवलं. तिथून पुढचं सगळं नोंदीवर आलं.

## वेळ मोजायची तर आधी हे ठरवा

पहिल्याच रात्री दोघांचं वाजलं. पोराच्या मते उजेड वाचण्याइतका राहिला नाही की कंदील 'संपला'. आबांच्या मते पूर्ण अंधार पडेपर्यंत तो चालूच. दोघांच्या वेळेत पाऊण तासाचा फरक पडला. असा फरक पडण्याचं कारण नव्हतं, कारण लिथियम फॉस्फेट बॅटरी उजेड जवळपास शेवटपर्यंत सारखा देते आणि मग काही मिनिटांत सर्किट दिवा बंद करतं. जुन्या, शिशाच्या बॅटरीचा कंदील मात्र हळूहळू मंदावत जातो, तिथे असा घोळ व्हायचाच.

घोळाचं कारण आजीपाशी सापडलं. कंदिलाला एकच बटण. एकदा दाबलं की मोठा उजेड, दुसऱ्यांदा मधला, तिसऱ्यांदा बारीक. जेवणं झाल्यावर आजी चुलीपाशी जाताना सवयीने बटण दाबून उजेड कमी करायची. "एवढ्या लखलखाटात काय नाचायचंय?" हा तिचा प्रश्न काही चुकीचा नव्हता. पण बारीक उजेडावर हा कंदील मोठ्याच्या चौथाई वीज घेतो, त्यामुळे मोजणीतला एक तास चार तासांसारखा लांबतो. त्यात चुलता रात्री गुपचूप मोबाईल लावायचा. ३००० एमएएचचा साधा फोन रिकाम्यापासून भरायचा म्हटलं तर या कंदिलातली सगळी वीज पिऊनही त्याची तहान भागत नाही. कंदिलाला फोन लावणाऱ्या घराने 'कंदील चालत नाही' म्हणण्याआधी एक आठवडा फोन दुसरीकडे भरून बघावा. माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच कंदिलांचा आजार तिथेच बरा होतो.

म्हणून नातवाने वहीच्या शेवटच्या पानावर नियम लिहिले आणि ते आजीला वाचून दाखवले. मोजायच्या रात्री बटणाला कुणी हात लावायचा नाही, मोठा उजेडच ठेवायचा. फोन लावायचा नाही. दिवा लावल्याची वेळ लिहायची आणि तो आपला आपण बंद पडल्याची वेळ लिहायची. सगळ्यात महत्त्वाचा नियम शेवटचा होता: प्रत्येक मोजणीची सुरुवात रिकाम्या कंदिलापासून करायची. म्हणजे आदल्या खेपेला तो पूर्ण बंद पडलेला असला पाहिजे. नाहीतर कालची शिल्लक आजच्या हिशोबात मिसळते आणि आकड्यांना काही अर्थ राहत नाही.

एक इशारा इथेच देतो. तुमचा कंदील शिशाच्या बॅटरीचा असेल (हातात घेतला की वजनावरूनच कळतो) तर त्याला असा पूर्ण रिकामा वारंवार करू नका. एखाद-दोन मोजण्या पुरे. रिकामा झालेला कंदील लगेच दुसऱ्या दिवशी उन्हाला लावा. रिकाम्या अवस्थेत पडून राहिली की शिशाची बॅटरी आतून बसते आणि मग तिला कुणी उठवू शकत नाही.

## एक ऊन, दोन ऊन, तीन ऊन

खरी चाचणी इथे आहे, आणि बहुतेक लोक हीच करत नाहीत.

पहिली मोजणी: रिकामा कंदील एक पूर्ण दिवस उन्हात भरला, रात्री लावला. २ तास ५ मिनिटं.

दुसरी मोजणी: रिकामा कंदील एक दिवस भरला, पण त्या रात्री लावलाच नाही. चिमणी लावून काम भागवलं. दुसरा दिवस पुन्हा भरला, मग रात्री लावला. ४ तास.

तिसरी मोजणी: दोन रात्री बंद ठेवून तीन दिवस भरला. ४ तास ५ मिनिटं.

आबांना पहिल्यांदा यात काही विशेष दिसलं नाही. "जास्त दिवस भरला, जास्त येळ चालला. त्यात काय?" पण नातवाने बोट ठेवलं ते तिसऱ्या आकड्यावर. दोन दिवसांना वेळ दुप्पट झाली, मग तीन दिवसांना तिप्पट का नाही झाली?

कारण चार तासांवर बॅटरी काठोकाठ भरली होती, तिसऱ्या दिवसाचं ऊन ठेवायला जागाच नव्हती. चिठ्ठीवरच्या हिशोबाने नव्या बॅटरीने चार तास आणि वर काही मिनिटंच द्यायला हवीत, आणि ही तेवढीच देते. म्हणजे बॅटरी धडधाकट. दिवाही ठरल्याइतकीच वीज खातो. कमी पडतं ते भरणं: एका दिवसात बॅटरी फक्त अर्धी भरते.

तुमच्याकडे आकडे वेगळे आले तर अर्थही वेगळा. एका उन्हाला दोन तास आणि दोन उन्हांनाही दोनच तास आले, तर बॅटरी खरोखर आटली आहे. ती दुपारच्या आतच भरून बसते आणि बाकीचं ऊन वाया जातं. अशा कंदिलाचा 'भरला' दाखवणारा हिरवा दिवा सकाळी दहा-अकरालाच लागतो, हीदेखील एक खूण. मग बिनधास्त बॅटरी बदला. मोठ्या उजेडावर अर्ध्या तासात बंद पडतो, पाच मिनिटांनी पुन्हा लागतो आणि बारीक उजेडावर मात्र रात्रभर चालतो, असं असेल तरीही संशय बॅटरीवर किंवा तिच्या जोडणीवर घ्यावा. मोठा भार पडला की तिचा दाब कोसळतो, विश्रांती मिळाली की सावरतो.

आणि आकडे रोज मनाला येईल तसे उड्या मारत असतील, आज चार तास, उद्या एक, परवा तीन, तर बॅटरी आणि पॅनल दोघांनाही सोडा आणि वायरची पिन बघा. रोज काढघाल करून कंदिलाचं भोक सैल होतं. पिन लावून वायर हलकेच हलवा. चार्जिंगचा लाल दिवा लुकलुकला की चोर सापडला. उंदराने कुरतडलेली वायरही असाच खेळ करते.

## मग दरवर्षी बॅटरी बदलल्यावर बरं का वाटायचं?

हा प्रश्न आबांनी विचारला आणि तो रास्त होता. मागच्या दोन हिवाळ्यांत त्यांनी बाजारातल्या एका दुरुस्तीवाल्याकडून दोनदा बॅटरी बदलून घेतली होती आणि दोन्ही वेळेला कंदील 'सुधारला' होता.

नवी बॅटरी दुकानातल्या विजेवर पूर्ण भरून मिळते. त्यामुळे पहिली रात्र चार तासांची. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा उत्तरेच्या पाख्यावरचं अर्धं ऊन, म्हणजे पुन्हा दोन तास. माणूस म्हणतो, बॅटरी नवी आहे, रुळेल हळूहळू. तेवढ्यात फेब्रुवारी उजाडतो, सूर्य वर सरकू लागतो, वेळ वाढत जाते आणि होळीपर्यंत बॅटरी 'रुळलेली' असते. श्रेय बॅटरीला मिळतं.

नातवाने जुन्यांपैकी एक बॅटरी ट्रंकेत जपून ठेवली होती, मोटार फिरवायला. ती माझ्या टेबलावर आणली, भरून त्याच कंदिलाला लावली. ३ तास ५० मिनिटं. म्हणजे टाकून दिलेली बॅटरीसुद्धा चांगली होती.

याच चुकीची महागडी आवृत्ती म्हणजे '६००० एमएएचची टाका, दुप्पट चालेल' हा सल्ला. पहिल्या रात्री चालेलही. पण नळाला धार तेवढीच आणि घागर मोठी घेतली, तर रोज तेवढंच पाणी मिळणार. पॅनल दिवसाला दोन तासांपुरती वीज देत असेल, तर वर कितीही मोठी बॅटरी ठेवा, रोजचा उजेड दोन तासच.

## डिसेंबरातलं ऊन कुठे जातं

पॅनल तेच, जागा तीच, आभाळ उलट पावसाळ्यापेक्षा स्वच्छ. मग भरणं निम्म्यावर का यावं?

पाटण साधारण १७.४ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या पहिल्या पंधरवड्यात इथे भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, उभ्या काठीची सावली क्षणभर नाहीशी होते. तिथून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत तो दुपारीसुद्धा किंचित उत्तरेकडेच असतो. मे महिन्यात उत्तरेच्या पाख्यावर बांधलेल्या पॅनलवर ऊन जवळजवळ सरळ पडतं. आबांची जागेची निवड त्या महिन्यापुरती अगदी बरोबर होती.

डिसेंबरात मात्र भर दुपारीही सूर्य डोक्यावरून दक्षिणेकडे सुमारे ४१ अंश कललेला असतो. पाखं उत्तरेकडे साधारण २५ अंश उतरतं. दोन्ही मिळून पॅनलच्या सरळ रेषेपासून ऊन ६६ अंश तिरकं येतं. तिरक्या उन्हाचं गणित निर्दय आहे. ६० अंशांवर निम्मंच ऊन कामी येतं, ६६ वर चाळीस टक्क्यांच्या आसपास. दुपारची ही अवस्था, तर सकाळ-संध्याकाळचं बोलायलाच नको. तेव्हा ऊन कौलांवरून घसरूनच जातं.

यात फसवणारी गोष्ट म्हणजे कंदिलाचा लाल दिवा. तो दिवसभर लागलेला असतो, म्हणून घरातले छातीठोक सांगतात की चार्जिंग व्यवस्थित होतंय. पण तो दिवा पॅनलकडून दाब येतोय एवढंच सांगतो, किती वीज येते हे सांगत नाही. ऊन निम्मं झालं तरी पॅनलचा दाब, म्हणजे व्होल्ट, फारसे उतरत नाहीत. प्रवाह मात्र उन्हाच्या प्रमाणात घटतो. मीटर असूनही लोक इथे चुकतात, कारण ते फक्त व्होल्ट मोजतात. या पॅनलने सावलीकडे तोंड करूनही साडेसहा व्होल्ट दाखवले असते आणि दुरुस्तीवाला म्हणाला असता, 'पॅनल ठणठणीत, बॅटरी बदला.'

मीटर असेलच तर तो १० अँपिअरच्या जागेवर लावा आणि पॅनलच्या दोन वायरी थेट त्याच्या दोन टोकांना जोडा. लहान पॅनलला याने काही होत नाही. बॅटरीला मात्र असं चुकूनही करू नका, वायर तापून हात भाजेल. आबा पॅनल घेऊन बाजारात आले तेव्हा मी ते दुकानाबाहेर आधी पाख्याइतकं उत्तरेकडे कलतं धरलं: २२० मिलिअँपिअर. मग सूर्याकडे वळवलं: ४९०. आबा बराच वेळ ते पॅनल स्वतःच इकडून तिकडे वळवत राहिले. आकडा चढला-उतरला की हसायचे.

"म्हंजी तोंड फिरवून बसलं हुतं व्हय हे!"

## जागा बदलणं

घरी गेल्यावर दोघांनी दक्षिणेकडचं पाखं पाहिलं. तिथे परड्यातल्या फणसाची सावली दुपारनंतर यायची. डिसेंबरात दुपारी आठ मीटर उंच झाडाची सावली उत्तरेकडे सात मीटरच्या आसपास पडते आणि नंतर लांबतच जाते. मे महिन्यात हेच झाड घराला अजिबात आड येत नाही. म्हणून जागा निवडताना हिवाळ्यात, सकाळी नऊ, दुपारी साडेबारा आणि साडेतीन अशा तीन वेळा प्रत्यक्ष जाऊन सावली बघावी. उन्हाळ्यात बघून अंदाज बांधण्यात अर्थ नाही.

गोठ्याचा पत्रा फणसाच्या पलीकडे होता आणि त्याचा उतार दक्षिणेकडे. पॅनल तिथे नेलं. वायर पुरत नव्हती, तर कंदीलच दिवसा गोठ्यात न्यायचा आणि दिवेलागणीला सोप्यात आणायचा असं ठरलं. वायर वाढवण्यापेक्षा मला हे जास्त पसंत आहे, कारण वाढवलेल्या वायरचा जोड वर्षभरात गंजतो. फक्त कंदील पत्र्याला चिकटून टांगू नका. तापलेल्या पत्र्याखाली बॅटरी शिजते आणि मग ती खरोखरच लवकर म्हातारी होते. आबांनी तो खाली गव्हाणीच्या बाजूच्या मेढीला, म्हशीचं शिंग पोचणार नाही इतक्या उंचीवर टांगला. कंदील पॅनलशेजारी उन्हातच ठेवून देणारी घरंही मी पाहतो, तेही बंद करा. ऊन पॅनलला हवं, बॅटरीला सावली.

कल किती द्यायचा यासाठी कोनमापक लागत नाही. नातवाने आगपेटीतली काडी पॅनलच्या काचेवर काटकोनात उभी धरली. सूर्याकडे पॅनलचं तोंड नीट नसेल तर काडीची सावली लांब पडते. पॅनल हळूहळू उचलत जा, सावली आखडत काडीच्या बुडाशी आली की तोंड बरोबर. हे साडेबाराच्या सुमाराला करायचं, कारण आपल्याकडे घड्याळातल्या बारा वाजता सूर्य माथ्याच्या रेषेवर आलेला नसतो. पत्र्याचा उतार पुरेना, तेव्हा पॅनलच्या वरच्या कडेखाली बांबूचा तुकडा सरकवून ते बांधलं.

रिकामा कंदील, एक दिवसाचं ऊन, मोठा उजेड: ३ तास ५५ मिनिटं. आजीने मधे एकदा बटणाकडे हात नेला होता, पण वहीतला नियम तिला ऐकवण्यात आला.

जानेवारीत एका रात्री वेळ अचानक २ तास ४० वर आली. आबा लगेच म्हणाले, गेली बॅटरी. पोराने मात्र आधी गोठ्यावर चढून पाहिलं. भोपळ्याचा वेल पत्र्यावर पसरला होता आणि त्याचं एक पान पॅनलच्या कोपऱ्यावर आलं होतं. एका पानाने एवढा फरक पडेल हे आबांना पटेना. पण ६ व्होल्टच्या छोट्या पॅनलमध्ये साधारण बारा पट्ट्या एकापुढे एक जोडलेल्या असतात आणि वीज त्या सगळ्यांतून ओळीने जाते. एका पट्टीवर पूर्ण सावली आली की बाकीच्या अकरांची वीजही तिथे अडते. त्या पानाची सावली दुपारनंतर सरकून दुसरीकडे जात होती म्हणून निदान २ तास ४० तरी मिळाले. कपडे वाळत घालायची तार, अँटेनाचा दांडा, पक्ष्याची घाण, सगळ्यांचा परिणाम असाच होतो. चुलीच्या धुराड्याजवळ पॅनल असेल तर काजळीचा थर सगळ्या काचेवर सारखा बसतो, तो ओल्या फडक्याने पुसला की लगेच फरक दिसतो. राख किंवा घासणी लावू नका, काच चरली की कायमची मंद होते.

## याच्या मर्यादा

ही मोजणी उन्हाच्या दिवसांतच करा. दोन दिवस सारखं ऊन मिळालं नाही तर एक ऊन आणि दोन ऊन यांची तुलनाच होऊ शकत नाही. डिसेंबर-जानेवारी यासाठी उत्तम, कारण आभाळ बहुधा मोकळं असतं. सकाळी धुकं उतरलेलं असेल तर त्या दिवसाचा आकडा वहीत वेगळी खूण करून ठेवा.

मार्चनंतर पॅनलखालचा बांबू काढून कल कमी करायचा. मे महिन्यात ते जवळजवळ आडवं ठेवलं तरी चालतं, काडीची सावली तुम्हाला सांगेलच. वर्षभर हात लावायचा नसेल, तर दक्षिणेकडे तोंड करून वीस अंशांच्या आसपास कल द्या. हिवाळ्यात थोडं कमी मिळेल, पण अर्ध्यावर येणार नाही.

पावसाळ्याचं मात्र वेगळं आहे. कोयनेच्या या पट्ट्यात जून ते सप्टेंबर चार-पाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि आठवडे आठवडे सूर्य दिसत नाही. तेव्हा पॅनल कुठेही आणि कसंही ठेवा, कंदील पुरता भरत नाही, आणि त्या दिवसांतल्या आकड्यांवरून बॅटरी बदलणं म्हणजे पैसे ओढ्यात टाकणं. त्या महिन्यांत मोजायचं ते उलट्या बाजूने: दिवसाला जेमतेम तासाभराचा मोठा उजेड मिळणार असं धरायचं आणि तो कसा वापरायचा ते ठरवायचं. बारीक उजेडावर तेच चार तास होतात. आबांच्या घरी आता अर्धा तास मोठा उजेड पोराच्या अभ्यासाला आणि बाकी सगळं बारीकवर, अशी वाटणी आहे, आणि बटण आजीच्या ताब्यात.